पेतांगचा हात आणि लाल बटण

माझी बायको पेतांग हात पुढे करून फोन बंद करायची. मुद्दाम नाही. तिचा हात आशीर्वाद द्यायला जायचा आणि फोन कट व्हायचा.

आमच्या बेटांच्या देशात थोरामोठ्यांना भेटलं की त्यांचा हात धरून त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावायची असते. याला मानो म्हणतात. लेकरू आदराचा ‘पो’ जोडून म्हणतं, ‘मानो पो’. मग थोरल्याने म्हणायचं, ‘देव तुझ्यावर दया करो’. मानो घेतल्याशिवाय घरात आल्यासारखं होत नाही आणि मानो घेतल्याशिवाय घरातून निघता येत नाही.

आमची मुलगी दिविना रियाधला एका घरी कामाला आहे. मुलीला, म्हणजे आमच्या नातीला, तिने लहानपणीच आमच्याजवळ ठेवलं. रिआलिन तिचं नाव. ती आजोबांना, म्हणजे मला, लोलो म्हणते आणि आजीला लोला. आता ती लुसेना शहरात कॉलेजात शिकते आणि बसमधून चार दिवसांचे कपडे घेऊन सुट्टीला येते. दिविना काम करते त्या घरी मालकीणबाई तिचा फोन कपाटात ठेवते. शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली की तासभर हातात देते. तिची ती दुपार म्हणजे आमची दिवेलागण. तिने स्वतःहून फोन लावलेला बाईंना आवडत नाही, आलेला घेतला तर चालतो. म्हणून फोन आम्हीच लावायचा असं ठरलं होतं.

रिआलिन लुसेनाला जायला निघाली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. शुक्रवारी फोन कोण लावणार?

“तुम्ही दोघं,” ती म्हणाली. तिने आम्हाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. आमच्या टेबलावर काच आहे, काचेखाली सगळ्यांचे फोटो आहेत. फोन तिने दुधाच्या डब्याला टेकवून उभा केला. “लोलो, आधी तुम्ही. बोट खालून वर ओढा.”

मी ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं.

“जोर नको लावू रे, नारळ सोलतोयस का?” पेतांग म्हणाली.

मी जन्मभर खोबरं भाजलं. करवंट्यांच्या विस्तवावर, धुरात. माझ्या बोटांची टोकं खडूसारखी झाली आहेत, सुई टोचली तरी कळत नाही. रिआलिनने माझं बोट धरून काचेवर दाबलं, तरी फोनला पत्ता नाही.

“तुमचं बोट फार कोरडं आहे लोलो. फोनला ते कळतच नाही. जरा ओलं करा.”

मी बोट जिभेला लावलं आणि दाबलं. फोन उघडला.

“शी!” पेतांग हसून हसून वाकली. “लेकीशी बोलायचंय की पत्ते पिसायचेत?”

पेतांगचं बोट मात्र लगेच लागायचं. तिने आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले, तिचे हात ओलेच असायचे. मग ठरलं की फोन पेतांग लावणार आणि मी दुधाचा डबा धरणार.

रिआलिनने तिला क्रम शिकवला. खालून वर ओढ. निळ्या गोलावर बोट ठेव. दिविनाचा फोटो दिसला की त्यावर. आता वर बघ, उजव्या हाताला दोन चित्रं आहेत. एक टेलिफोनचं, एक कॅमेऱ्याचं. टेलिफोनचं दाबलंस तर नुसता आवाज येईल. कॅमेऱ्याचं दाब. मग फोन वाजू दे आणि हात मांडीवर ठेव.

“हात मांडीवर,” रिआलिन पुन्हा पुन्हा सांगायची. “सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, लोला. फोन सुरू झाला की कशालाही हात लावायचा नाही.”

पेतांगने जपमाळेच्या मण्यांसारखा तो क्रम पाठ केला. चुलीपाशी उभी राहून पुटपुटायची. ओढ, निळा, दिविना, कॅमेरा, मांडी.

पहिल्या शुक्रवारी तिने केस विंचरले, पावडर लावली, चर्चचा झगा घातला. सगळं बरोबर दाबलं. दिविना दिसली. स्वयंपाकघरात एका पालथ्या बादलीवर बसली होती. आम्ही दोघं एकदम ओरडलो.

“ओरडू नका, मला ऐकू येतंय,” दिविना हसली. मग तिने कपाळ पुढे केलं, अगदी फोनला टेकवलं. पडदाभर तिचं कपाळच दिसत होतं. आईला ती नानाय म्हणते, मला तातय. “मानो पो, नानाय.”

पेतांगने लगेच हात पुढे केला. बोटांची मागची बाजू तिने लेकीच्या कपाळाला लावली, अगदी मऊपणे. कपाळ हाताला नीट लागलं नाही असं वाटून पुन्हा लावली. फोन बंद झाला.

आम्हाला वाटलं तिकडे काही झालं. पेतांगने पुन्हा लावला. दिविना पुन्हा दिसली, “काय झालं नानाय?” म्हणाली आणि पुन्हा कपाळ पुढे केलं. पुन्हा हात, पुन्हा बंद. असं तीनदा झालं. चौथ्यांदा दिविना रडकुंडीला आली होती. बाईंनी हाक मारली तेव्हा आमचं धड एक वाक्यही बोलून झालं नव्हतं.

रिआलिन आली तेव्हा पेतांगने तिच्यासमोर सगळं करून दाखवलं. रिआलिन बघत राहिली आणि डोक्याला हात लावून बसली.

“अगं लोला, बोलायला लागलं की बटणं लपतात. पण जातात कुठे? तू एकदा हात लावलास की ती पुन्हा वर येतात. खाली मधोमध लाल बटण आहे ना, ते फोन ठेवायचं. तू आईच्या कपाळाला दुसऱ्यांदा हात लावतेस तो नेमका त्याच्यावर.”

“मग त्यांनी लाल बटण कपाळावर कशाला ठेवलं?”

“कपाळावर नाही ठेवलं! तू हात वर कर. हा काळा ठिपका दिसतो का? हा फोनचा डोळा आहे. याच्यासमोर हात धर, काचेला लावू नको. आईला दिसेल, मानो होईल.”

पेतांगने हात त्या ठिपक्यासमोर धरला. मग खाली घेतला.

“हवेत?” ती म्हणाली. “मी लेकीला आशीर्वाद हवेत देऊ? माश्या हाकलल्यासारखा?”

“लोला, खरं तर तू काचेलाच हात लावतेस.”

“तुला काय कळतं. मला कपाळ लागतं.”

शेवटी पेतांगनेच तोडगा काढला. मानो आधी नाही, शेवटी घ्यायचं. सगळं बोलून झालं, बाईंची हाक आली, की दिविनाने कपाळ पुढे करायचं. पेतांगने हात लावायचा, ‘देव तुझ्यावर दया करो’ म्हणायचं आणि पुन्हा हात लावायचा. फोन आपोआप बंद.

“बघ,” ती मला म्हणाली, “आता बटण कुठलं हे लक्षात ठेवायची गरजच नाही.”

तेव्हापासून तसंच चाललं. माझ्या ओल्या बोटाची आणि पत्त्यांची गोष्ट पेतांगने दिविनालाही हसत हसत सांगितली. मधेच भाताला बघायचं असलं तर पेतांग फोन टेबलाच्या काचेवर पालथा टाकून जायची. रिआलिनने सांगितलं होतं, उताणा ठेवू नको, छत दिसतं. म्हणून ही पालथा टाकायची. आतून दिविनाचा आवाज यायचा, “नानाय, अंधार झाला! तातय, कुणीतरी मला उचला!” पण फोन कधी बंद पडला नाही. परत येऊन पेतांग उचलायची आणि म्हणायची, “बघ, काच बटण दाबत नाही. दाबतो तो माझाच हात.”

मग तिला झटका आला.

कपडे वाळत घालताना पडली. इस्पितळातून घरी पाठवलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणं तोंडातल्या तोंडात राहायचं. मी तिला खिडकीपाशी खाटेवर ठेवलं. रिआलिन आठवडाभर राहिली, मग परीक्षेसाठी तिला लुसेनाला जावं लागलं. जाताना म्हणाली, “लोलो, शुक्रवारी तुम्हाला लावावा लागेल. येईल ना?”

“येईल,” मी म्हणालो.

मला येत नव्हतं. रात्रंदिवस पेतांगचं करताना माझं डोकं आधीच जागेवर नव्हतं. शुक्रवारी दिवे लागले तेव्हा मी फोन दुधाच्या डब्याला टेकवला, बोट जिभेला लावलं आणि खालून वर ओढलं. तो उघडला. निळा गोल दाबला. तो नुसता हलला आणि थरथरायला लागला. त्याच्या शेजारचे बाकीचेही थरथरायला लागले. मी फार वेळ दाबून धरलं होतं. एकावर फुली आली. मी घाबरून हात काढला. पेतांगने लावलेलं काही पुसलं गेलं तर काय करायचं?

थरथर थांबेपर्यंत मी हात मागे बांधून बसलो. मग पुन्हा दाबलं. दिविनाचा फोटो सापडला. वरच्या दोन चित्रांपैकी एक दाबलं. फोन वाजला आणि दिविनाचा आवाज आला.

“तातय? तुम्ही दिसत नाही. नुसता आवाज आहे. नानाय कुठे आहे? मला नानाय दाखवा.”

“थांब,” मी म्हणालो. मी टेलिफोनचं चित्र दाबलं होतं. ठेवायला गेलो तर बोट लागेना. पुसलं, ओलं केलं, लागेना. तोंड कोरडं पडलं होतं. मी दाबत होतो आणि दिविना सारखी विचारत होती.

“तातय, ती आहे ना? खरं सांगा. ती आहे ना?”

“आहे गं! इथेच आहे!”

“मग दाखवत का नाही?”

मी फोन घेऊन खाटेशी गेलो. मला लाज वाटत नव्हती. मला भीती वाटत होती, की तिचा तास संपेल. पेतांग माझ्याकडे बघत होती. तिने डावा हात उचलला. मी तिची तर्जनी धरली, माझ्या हाताने ती काचेवर नेली आणि लाल बटणावर टेकवली. पहिल्याच वेळी फोन बंद झाला. मग तिचंच बोट धरून मी दिविनाच्या फोटोवर नेलं आणि वर कॅमेऱ्यावर. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. नंतर माझ्या लक्षात आलं, ती क्रम म्हणत होती.

दिविना दिसली. नानायला बघून तिने तोंडावर ओढणी दाबली. मग ओढणी काढून हसायला लागली, कारण नानायला तिचं हसू बघायचं असणार.

“नानाय, पावडर कुणी लावली? तातयने? एका गालालाच लावली आहे.”

पेतांगचा अर्धा चेहरा हसला.

दिविना बोलत राहिली. बाईंच्या मुलाचं, तिकडच्या उन्हाचं, काहीबाही. मला कळत होतं, ती थांबायला घाबरते आहे. पेतांग ऐकत होती. मग तिने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला. तो हात आता तिचा राहिला नव्हता, मनगटातून लोंबत होता. मानो डाव्या हाताने देत नाहीत. तिने तो उजवा हात धरून फोनकडे नेला आणि तिथेच थांबवला.

दिविना मागे सरली.

“आता नको, नानाय.”

पेतांगने हात तसाच धरला.

“नको ना. मानो केलं की फोन बंद होतो. अजून वेळ आहे. बाईंनी अजून हाक मारली नाही.”

“दिविना,” मी म्हणालो, “घे. मी पुन्हा लावीन.”

“तुम्हाला लावता येत नाही, तातय! मघाशी किती वेळ गेला!” ती ओरडली आणि लगेच आवाज खाली आणला. “पुढच्या शुक्रवारी घेते. नानाय, पुढच्या शुक्रवारी दोन वेळा घेते. आता नुसतं बघू दे.”

पेतांगचा डावा हात थकला. उजवा हात गोधडीवर पडला. दिविनाने बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तिने कपाळ पुढे आणलं, पण तेवढ्यात मागून हाक आली, ती वळली, “आलेच, बाई,” म्हणाली. फोन तिच्याच हाताने बंद झाला.

मी पेतांगला म्हणालो, “पुढच्या शुक्रवारी.” तिने डोळे मिटले.

मंगळवारी सकाळी मी पेजेची वाटी घेऊन आलो तेव्हा ती गेलेली होती.

पेतांगला बाहेरच्या खोलीत ठेवलं. गुमाका गावाहून अंत्यविधीची तयारी करणारा माणूस आला, त्याने सगळं केलं, शवपेटी आणली, तिच्या हातात जपमाळ गुंडाळली आणि वरची काच बसवून स्क्रू आवळले. लोक येत राहिले. कॉफी, बिस्किटं, रात्रीच्या जागरणासाठी कोपऱ्यात पत्ते. बायकांनी नेहमीची सूचना केली, पेटीवर अश्रू पडू द्यायचे नाहीत, जाणाऱ्याचा पाय अडकतो.

दिविनाला बाईंनी सुट्टी दिली नाही. कामाचं वर्ष पुरं व्हायचं होतं. रिआलिनने तिला कळवलं होतं. उत्तर एकच आलं. रिआलिनने मला वाचून दाखवलं. ‘नानायला शुक्रवारपर्यंत ठेवा. मला मानो घ्यायचंय.’

आम्ही पुरणं शनिवारी ठेवलं.

शुक्रवारी दुपारी मी गुमाकाच्या माणसाला विचारलं, काच काढता येईल का. तो म्हणाला, “काका, आता नका काढू. गरमी आहे. मी हात जोडतो.” मी मग त्याला छळलं नाही.

दिवे लागले तसा फोन रिआलिनने लावला. दिविना त्याच बादलीवर होती. रिआलिनने फोन पेटीवर धरला, चेहरा दाखवला, फुलं दाखवली. दिविना बघत होती. कोपऱ्यातले पत्तेसुद्धा थांबले.

“हात,” दिविना म्हणाली. “हात दाखव.”

रिआलिनने फोन खाली नेला.

“मला मानो द्या. कुणीतरी द्या. तातय, ती हात पुढे करून बसली होती आणि मी नको म्हटलं. तुम्ही बघितलंत ना. मी नको म्हटलं.” तिचा आवाज फाटला. “मला वाटलं फोन बंद होईल. मी फोन वाचवला, तातय. फोन वाचवला!”

शेजारची बाई म्हणाली, “लेकरा, दुरून नमस्कार कर, पोचतो तिला.”

“नाही पोचत! तिला हवेत चालत नव्हतं!”

मी उठलो. रिआलिनच्या हातातून फोन घेतला.

“लोलो, काय करताय? टेकवू नका, कट होईल. आता कट झाला आणि पुन्हा लागला नाही तर...”

“काच बटण दाबत नाही,” मी म्हणालो.

मी फोनशी बोललो. “दिविना, मी तुला पालथं ठेवतोय. अंधार होईल. घाबरू नको. कपाळ पुढे कर.”

“केलं,” ती म्हणाली.

पेटीच्या काचेखाली, जपमाळेच्या वर, पेतांगचा उजवा हात होता. तो वर ठेवा असं मीच त्या माणसाला सांगितलं होतं. मी फोन हळूच पालथा केला आणि बरोबर त्या हातावर, काचेवर ठेवला. हात काढून घेतला.

काही झालं नाही. फोन बंद पडला नाही.

आतून, काचेवरून, दिविनाचा आवाज आला. दबलेला, टेबलावरून यायचा तसाच. “मानो पो, नानाय.”

याला उत्तर द्यायचं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. ते पेतांगचं वाक्य होतं, ती असताना मी ते कधी म्हटलं नव्हतं. रिआलिनने माझा दंड धरला.

“देव तुझ्यावर दया करो,” मी म्हणालो.

फोनखालून कितीतरी वेळ रडणं येत राहिलं. कुणी फोन उचलला नाही. बायकांनी जप सुरू केला, हळू आवाजात. दिविनाही त्यात म्हणायला लागली. तिचे शब्द थोडे उशिरा येत होते, आमचं म्हणून झाल्यावर.

तिकडून बाईंची हाक ऐकू आली. मग दुसरी. मी फोन उचलला. दिविनाच्या कपाळावर लाल वळ उठला होता. इतका वेळ तिने ते फोनला दाबून धरलं होतं.

“जा,” मी म्हणालो. “बोलावतायत.”

“तातय, तुम्ही बंद करा. नेहमी नानाय करायची. माझ्याच्याने होत नाही.”

मी बोट काचेवर ठेवलं. लागलं नाही. पुन्हा ठेवलं. दिविना तिथेच होती, बघत. मी दाबत राहिलो. माझं लाकडी बोट आणि तिचा चेहरा. रिआलिनने हात पुढे केला, मी मान हलवली.

“ओलं करा तातय,” दिविना म्हणाली. रडता रडता तिच्या तोंडून हसू फुटलं. “लेकीशी बोलायचंय की पत्ते पिसायचेत?”

मी पेटीपासून दूर झालो. भिंतीपर्यंत गेलो, म्हणजे तिच्यावर काही पडणार नाही. मग बोट डोळ्याखाली फिरवलं.

एकदा दाबलं. बटणं वर आली. खाली मधोमध लाल. मी आधी वरच्या काळ्या ठिपक्याकडे बघितलं, मी तिच्याकडेच बघतोय असं दिविनाला दिसावं म्हणून.

मग दाबलं.